खोक्याच्या कडेवर उभा भार

पन्हळी पुठ्ठ्याचे खोके एकावर एक रचले की वरचे सगळे वजन तळाच्या खोक्याच्या चार उभ्या भिंतींवर येते. त्यातही भार सारखा वाटला जात नाही. भिंतीचा मधला भाग थोडा बाहेर फुगून अंग काढून घेतो आणि ओझ्याचा मोठा वाटा चार कोपरे उचलतात. खोके बसते तेव्हा कागद फाटलेला नसतो. उभी पन्हळ दाबाखाली वाकते, भिंतीवर आडवी घडी पडते आणि मग वरची संपूर्ण रांग कलते. निर्यातीचे खोके निवडताना खरा प्रश्न हा उभा भार किती, किती दिवस आणि कसल्या हवेत पेलायचा, हा असतो.

भारतात खोक्याची मागणी मात्र बहुधा वेगळ्या भाषेत होते: पाच प्लाय, इतके जीएसएम, इतका बीएफ. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. बीएफ हा कागदाच्या फुटण्याच्या ताकदीचा आकडा. चाचणीत कागद घट्ट पकडून खालून रबरी पडदा फुगवतात आणि कोणत्या दाबाला कागद फुटतो ते पाहतात. या आकड्याचा उपयोग आहे. आतला माल टोचून बाहेर येईल का, खोके आपटल्यावर फाटेल का, याचा अंदाज त्यावरून येतो. पण फुगवून फुटणे आणि उभ्याने दबणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उत्तम बीएफच्या कागदाचे खोकेही पन्हळ चेपलेली असेल तर रचाईत बसते.

उभ्या ताकदीसाठी एज क्रश टेस्ट, म्हणजे ईसीटी, ही चाचणी आहे. पुठ्ठ्याचा लहान आयताकृती तुकडा अचूक कापतात, पन्हळी उभ्या राहतील असा यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये धरतात आणि तो कोसळेपर्यंत दाबतात. कोसळतानाचा भार तुकड्याच्या लांबीने भागला की ईसीटी मिळतो. भारतात तो बहुधा प्रति सेंटिमीटर किलोमध्ये सांगतात, परदेशी ग्राहक किलोन्यूटन प्रति मीटरमध्ये मागतो, आणि दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. अमेरिकेतील रेल्वे व ट्रक वाहतुकीच्या नियमांनी १९९१ मध्ये फुटण्याच्या ताकदीला पर्याय म्हणून ईसीटी मान्य केला.

ईसीटी पुठ्ठ्याचा गुण सांगतो. खोक्याची ताकद काढायला आणखी दोन मापे लागतात, खोक्याचा घेर आणि पुठ्ठ्याची जाडी. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ पेपर केमिस्ट्रीतील मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये या तिन्हींचा संबंध जोडणारे सूत्र प्रसिद्ध केले. त्याचे सोपे रूप आजही वापरात आहे:

खोक्याची ताकद = ५.८७ × ईसीटी × √(घेर × जाडी)

ईसीटी प्रति सेंटिमीटर किलोमध्ये आणि घेर व जाडी सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर किलोमध्ये येते. जाडी वर्गमुळाखाली असली तरी तिचा परिणाम लहान नाही. छपाईच्या वेळी रोलरने पुठ्ठा चेपला की जाडीही घटते आणि पन्हळीचा ताठपणाही जातो, म्हणून ताकदीचे नुकसान दोन्ही बाजूंनी होते.

सांगली-तासगावच्या बेदाण्याचे उदाहरण घेऊन हिशेब करता येतो. समजा, पॉलिथिनच्या पिशवीत १० किलो बेदाणा आणि बाहेर ३० × २५ × २२ सेंटिमीटरचे खोके आहे. भरलेल्या खोक्याचे वजन साडेदहा किलो. १२० × १०० सेंटिमीटरच्या पॅलेटवर एका थरात बरोबर १६ खोकी बसतात. आठ थर रचले की पॅलेटसकट उंची सुमारे १.९ मीटर होते. तळाच्या खोक्यावर सात खोकी, म्हणजे ७३.५ किलो. बेदाणा मऊ आणि बसणारा माल आहे. काचेच्या बरण्या किंवा डबे जसे स्वतः भार घेतात तसा तो घेत नाही, त्यामुळे सगळे ओझे पुठ्ठ्यावरच धरावे लागते.

प्रयोगशाळेत ८० किलो पेलणारे खोके इथे पुरेल असे वाटू शकते. ते पुरत नाही, कारण प्रयोगशाळेत नवे, कोरडे खोके काही सेकंदांत दाबले जाते. प्रत्यक्षात तेच खोके महिनोन्‌महिने दमट हवेत उभे असते. सतत भाराखाली कागद हळूहळू शिणतो. पॅकिंग उद्योगात रूढ असलेल्या अमेरिकी कोष्टकानुसार ९० दिवसांच्या साठवणीनंतर मूळ ताकदीचा ०.५५ हिस्सा धरायचा. हवेतील आर्द्रता ५० टक्क्यांऐवजी ८० टक्के असेल तर ०.६८, आणि ९० टक्के असेल तर अवघा ०.४८.

बेदाण्याच्या बाबतीत आर्द्रतेचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. माल शीतगृहात राहतो आणि पावसाळ्यात बाहेर निघाला की थंड खोक्यावर हवेतील पाणी दव धरावे तसे जमते. तशीच खोकी कंटेनरमध्ये चढवली तर ओल आतच राहते. पुढे समुद्रात दिवस-रात्रीच्या तापमानफरकाने कंटेनरच्या छतावर पाणी जमून खाली ठिबकते. ओला-सुका असा फेरा वारंवार झाला की पुठ्ठा सलग दमट हवेत बसेल त्याहूनही लवकर बसतो. म्हणून पावसाळ्यात न्हावाशेवाहून निघणाऱ्या मालासाठी ९० टक्क्यांचा आकडा धरणे अतिरेकी नाही.

आता रचाई. खोकी बरोबर कोपऱ्यावर कोपरा ठेवून रचली तरी प्रत्यक्षात थोडी सरकतात, त्यासाठी ०.९० धरू. पॅलेटच्या फळ्यांमधल्या फटींवर खोक्याची कड आली की तिथे आधार राहत नाही, त्यासाठी ०.८५. सगळे गुणून ०.५५ × ०.४८ × ०.९० × ०.८५ म्हणजे सुमारे ०.२० येते. नव्या खोक्याच्या ताकदीपैकी पाचवा हिस्साच शेवटी हाताशी उरतो. ७३.५ किलोला न गोळा केलेल्या गुणाकाराने भागले की ३६४ किलो मिळतात. ७३ किलोच्या ओझ्यासाठी ३६४ किलोचे खोके मागणे ही चैन नव्हे, तेवढी ताकद वाटेत खर्च होणार आहे.

या खोक्याचा घेर ११० सेंटिमीटर आहे. पाच प्लायचा, सुमारे साडेसहा मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घेतला तर सूत्रानुसार ईसीटी ७.३ लागतो. चार मिलिमीटरच्या तीन प्लायने तेच काम करायचे तर ९.४ लागेल, आणि तो मिळवायला कागद इतका भारी घ्यावा लागतो की बचत उरत नाही. इथे पाच प्लाय निवडावा. ईसीटी किमान ८ मागितला की खोक्याची ताकद ४०० किलोच्या आसपास येते आणि थोडी गुंजाईश राहते.

हाच हिशेब एका चुकीने पार बदलतो. कामगार भिंत बांधतात तशी एका थराची सांध दुसऱ्याच्या मध्यावर आणून खोकी रचतात. रांग घट्ट दिसते आणि हलत नाही, पण वरचा कोपरा खालच्या भिंतीच्या कमजोर मध्यावर येतो. अशा रचाईत ४० ते ६० टक्के ताकद जाते. निम्मी गेली असे धरले तरी ३६४ च्या जागी ६५५ किलोचे खोके लागते. म्हणून खोकी सरळ उभ्या रांगेत रचावी आणि स्थैर्यासाठी कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या, पॅलेटला स्ट्रेच फिल्म वापरावी. खोके पॅलेटच्या काठाबाहेर आले तरीही २० ते ४० टक्के नुकसान होते, कारण भार घेणारी कडच अधांतरी राहते.

दुसरी चूक परदेशातल्या गोदामात होते. तिथे पॅलेटवर पॅलेट चढवले तर तळाच्या खोक्यावर सातऐवजी पंधरा खोकी आणि वरच्या पॅलेटचा वाटा येतो. मग ७८५ किलोहून अधिक ताकद लागते. आपला हिशेब एका पॅलेटचा असेल तर पॅलेटवर तसे चिन्ह छापणे आणि ग्राहकाला लेखी कळवणे भाग आहे.

सूत्रालाही मर्यादा आहे. ते नेहमीच्या चार झडपांच्या बंद खोक्यासाठी आहे, आणि उंची घेराच्या सातव्या भागाहून कमी झाली की त्यावर भरवसा ठेवता येत नाही. नाशिकच्या द्राक्षांची किंवा आंब्याची बसकी, हवेसाठी भोके पाडलेली खोकी या सूत्रात बसत नाहीत. तिथे तयार खोकेच यंत्रात दाबून पाहावे लागते. या चाचणीला बॉक्स कॉम्प्रेशन टेस्ट म्हणतात. इतर खोक्यांसाठीही अंतिम खात्री तिचीच, कारण छपाई, चिकटवणीचा सांधा आणि घडीची रेघ यांचा परिणाम सूत्राला दिसत नाही.

बिघाड कुठे आहे हे बसलेले खोकेही सांगते. तळाच्या दोन थरांत भिंतींवर आडव्या घड्या पडल्या असतील तर भार किंवा ओल जास्त झाली. सगळ्या थरांत भिंती बाहेर फुगल्या असतील तर खोके गच्च भरले गेले आहे. केवळ पॅलेटच्या एका बाजूची खोकी बसली असतील तर ती काठाबाहेर आली होती का ते पाहावे. वरच्या थरावर पाण्याच्या कडा उमटल्या असतील तर कंटेनरच्या छतावरून ठिबकले आहे, आणि अशा वेळी जाड पुठ्ठ्यापेक्षा ओल शोषणाऱ्या पिशव्यांवर खर्च करणे शहाणपणाचे.

या सर्वांचा परिणाम मागणीपत्रात दिसायला हवा. बेदाण्याच्या या खोक्यासाठी त्यात लिहावे: पाच प्लाय, ईसीटी किमान ८, छपाईनंतरची जाडी किमान ६.५ मिलिमीटर, तयार खोक्याची सरासरी ताकद ४०० किलो आणि एकही नमुना ३६४ च्या खाली नाही. सोबत चाचणीची हवाही लिहावी, २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता. काही भारतीय चाचण्या २७ अंश व ६५ टक्क्यांवर होतात, आणि तेच खोके तिथे कमी आकडा दाखवते. जीएसएम आणि बीएफ पुरवठादाराला ठरवू द्यावेत. खरेदीदाराने खोके किती भार पेलते ते मोजून घ्यावे.