राखीच्या धाग्यात भाऊ कधी आला?

२०२३ साली राखीपौर्णिमेला घरोघरी एक पेच पडला होता. ३० ऑगस्टला सकाळी अकराच्या सुमारास पौर्णिमा लागली आणि तिच्यासोबत भद्राही लागली, ती रात्री नऊपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून गेले की पौर्णिमाच संपत होती. मग राखी बांधायची कधी? वडीगोद्रीसारख्या गावात, जिथं माहेरी आलेल्या बहिणीला संध्याकाळच्या एसटीनं परतायचं असतं, तिथं रात्री नऊनंतरचा मुहूर्त काय कामाचा?

भद्रा म्हणजे काही अचानक आलेलं संकट नव्हे. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी पुरी होते, आणि त्या तिथीचा अर्धा भाग म्हणजे करण. अशा करणांपैकी एकाचं नाव विष्टी, म्हणजेच भद्रा. करणांची मांडणीच अशी आहे की पौर्णिमेचा पहिला अर्धा भाग दर महिन्याला भद्रेचाच असतो. पौर्णिमा आदल्या संध्याकाळी लागली तर भद्रा पहाटेच उरकते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. सकाळी लागली तर अख्खा दिवस जातो.

त्या वर्षी महाराष्ट्रातल्या पंचांगाच्या जाणकारांनी एक उत्तर दिलं. बहिणीनं बांधायच्या राखीला भद्रा पाळायची गरज नाही, दिवसभरात केव्हाही बांधा, असं ते म्हणाले. कारण धर्मशास्त्रात सांगितलेलं रक्षाबंधन वेगळं आणि हा भावाबहिणीचा घरगुती सण वेगळा. अनेकांनी ते ऐकून सुटकेचा श्वास घेतला, राखी बांधली, पेढा खाल्ला आणि विषय संपवला. मला मात्र ते वाक्य चैन पडू देईना. वेगळं म्हणजे किती वेगळं?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. वडीगोद्री जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. याच रस्त्यानं वर छत्रपती संभाजीनगर गाठलं की पुढं देवगिरीचा किल्ला. तेराव्या शतकात तिथल्या यादवांच्या दरबारी हेमाद्री पंडित मंत्री होता. हेमाडपंती देवळांशी ज्याचं नाव जोडलं जातं, तोच हा. त्यानं ‘चतुर्वर्गचिंतामणी’ नावाचा प्रचंड ग्रंथ रचला आणि त्यातल्या व्रतखंडात श्रावणी पौर्णिमेच्या रक्षाबंधनाचा विधी भविष्योत्तर पुराणातून उतरवून घेतला. पुढं १६१२ मध्ये कमलाकरभट्टानं काशीत ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला, त्यातही हा विधी आहे. कमलाकरभट्ट काशीचा खरा, पण त्याचं घराणं पैठणहून तिकडं गेलेलं. म्हणजे ज्या दोन ग्रंथांचा आधार पंडित मंडळी शतकानुशतकं घेत आली, त्या दोन्हींची मुळं याच गोदाकाठच्या मुलखातली.

तो विधी थोडक्यात असा. सकाळी स्नान, देव-पितरांचं तर्पण. मग दुपार कलल्यावर, दिवसाचे पाच भाग केले तर चौथ्या भागात, एक पोटली तयार करायची. तिच्यात अक्षता, पांढरी मोहरी आणि सोनं. ती धाग्यात ओवायची आणि पुरोहितानं ती राजाच्या हाताला बांधायची. नुसत्या राजाच्याच नाही, चारी वर्णांनी आणि इतर माणसांनीही हा आचार करावा असं तिथं म्हटलं आहे. बांधताना जो मंत्र म्हणतात, त्याचा आशय असा, की ज्यानं महाबली दानवराजा बळी बांधला गेला त्यानंच मी तुला बांधतो. आणि शेवटी ‘हलू नकोस’ अशी विनवणी आहे, ती माणसाला नाही, थेट धाग्याला.

या सगळ्यात बहीण कुठंच नाही. भाऊही नाही. विधीसोबत जी कथा येते तिच्यात देव आणि असुरांचं युद्ध चालू आहे, इंद्र हरत चालला आहे, आणि त्याच्या हाताला रक्षा बांधली जाते ती इंद्राणीकडून, म्हणजे बायकोकडून. आणि संरक्षण कोण कुणाला देतंय तेही बघा. आज आपण म्हणतो की भाऊ बहिणीचं रक्षण करील. इथं ज्याच्या हातात शस्त्र आहे त्यालाच रक्षणाची गरज आहे, आणि ते देणारी आहे बांधणारी. पोटलीतली मोहरीही त्याच कामाची. तान्ह्या लेकराची दृष्ट काढायला आजी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकते ना, तीच. राखीच्या मधोमध आता चमकी, स्पंज नाहीतर कार्टूनचा चेहरा असतो. त्या जागी कधीकाळी ही पोटली होती, असं माझं मन म्हणतं. पुरावा मागू नका.

मग धागा पुरोहिताच्या हातून बहिणीच्या हातात कसा गेला? याचा एक सुंदर साक्षीदार मिळतो उत्तर प्रदेशात. मॅकिम मॅरियट हा अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत अलीगढ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहिला. त्यानं गावाला किशनगढी असं टोपणनाव दिलं आणि १९५५ मध्ये तिथल्या सणांवर लिहिलं. त्या गावात श्रावणी पौर्णिमेला दोन वेगवेगळ्या गोष्टी चालत. पुरोहित यजमानांच्या मनगटाला रंगीत दोरा बांधून दक्षिणा घेत. आणि बहिणी भावांच्या डोक्यावर, कानावर जवाचे कोवळे अंकुर ठेवत. बहिणींकडं दोरा नव्हता, अंकुर होते. दोन्ही रिवाज एकाच दिवशी, एकाच अंगणात शेजारी शेजारी, आणि हळूहळू एकाचा दोरा दुसऱ्याच्या हातात सरकत चाललेला. त्याच्या डोळ्यांसमोरच हा बदल होत होता.

मराठी मुलखात तर भावाबहिणीचे दिवस आधीच ठरलेले होते. मराठवाड्यात नागपंचमीच्या आदल्या दिवशी भावासाठी उपास, आणि दिवाळीत भाऊबीज. श्रावणी पौर्णिमा ही कोकणात कोळ्यांच्या नारळाची, भिक्षुकांकडं जानवं बदलायची आणि जुन्या घरांत पोवत्यांची. सुताच्या पदरांना गाठी मारून केलेली पोवती देवाला वाहायची आणि मग घरातल्यांनी घालायची. राखी बांधणारी बहीण आपल्याकडं इतकी सर्वव्यापी झाली ती अलीकडं. आणि ती आली ती आपल्या नातेव्यवस्थेत, जी उत्तरेपेक्षा वेगळी आहे. खरी गंमत इथून पुढं आहे.

वडीगोद्रीतल्या एखाद्या घरातली विशीतली मुलगी डोळ्यांसमोर आणा. सख्खा भाऊ नाही असं समजू. तिच्या ताटात राख्या आहेत आणि चार प्रकारचे भाऊ: काकाचा मुलगा, मावशीचा मुलगा, मामाचा मुलगा आणि आत्याचा मुलगा. पुस्तकात हे चौघंही एकाच मापाचे ‘कझिन’. तिच्या घरात तसं नाही.

काकाचा मुलगा, चुलतभाऊ, म्हणजे भाऊच. एकाच वाड्यात वाढलेला, कित्येकदा एकाच चुलीवरचा. मावसभाऊही भाऊच. इथं कुणी क्षणभरही थांबत नाही. मामेभावालाही बिनधास्त बांधतात. पण आत्याचा मुलगा समोर बसला की घरातल्या बायका एकमेकींकडं बघून हसतात. कारण आपल्याकडच्या अनेक जातींत मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा हक्क मानतात. तो भाऊ असू शकतो आणि नवराही होऊ शकतो.

इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या भारतीय नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात महाराष्ट्राची ही जागा नेमकी दाखवली. उत्तरेत चारही प्रकारच्या भावंडांत लग्न वर्ज्य. दक्षिणेत आते-मामे भावंडांत दोन्ही बाजूंनी चालतं. महाराष्ट्र मधला. इथं मुलानं मामाची मुलगी केलेली चालते, आत्याची मुलगी मात्र सहसा करत नाहीत. सगळ्या जातींत हे सारखं नाही आणि आता अशी लग्नं कमीही झाली आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं तर बहीण-भावाच्या मुलांमधलं लग्न निषिद्ध नात्यांत धरलं, फक्त जिथं तशी रूढी आहे तिथं वाट मोकळी ठेवली.

आता बघा, चारातल्या तिघांना बांधलेली राखी आहे ते नातं सांगते. चौथ्याला बांधलेली राखी नातं ठरवते. आतेभावाच्या मनगटाला गाठ मारली की त्या मुलीनं, एक शब्दही न बोलता, भर ओसरीत सांगून टाकलं की हा माझा भाऊ, पुढची बोलणी करू नका. आणि बांधायचं टाळलं तरी कुणीतरी ते टिपून ठेवतंच. बाजारातून वीस रुपयांना आणलेल्या दोऱ्याला एवढं वजन असतं. पाकिटात किती घातले, साडी कुठल्या दुकानातली, हा हिशेब या गाठीच्या शेजारी फार छोटा वाटतो. कायदा मात्र ही गाठ ओळखत नाही. राखी बांधली म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही.

मैत्रीतली राखी याच चौथ्या भावाची पुढची पायरी आहे. रक्ताचं काहीच नसताना एखादी मुलगी वर्गमित्राला, शेजाऱ्याला, रोज एकाच गाडीनं अंबडला जाणाऱ्या सोबत्याला बांधते आणि तो तिचा मानलेला भाऊ होतो. यामुळंच राखीच्या दिवशी कॉलेजातली काही मुलं आजारी पडतात! त्यांना धाग्याची ताकद बरोबर कळलेली असते. रक्ताच्या नात्याबाहेरची राखी तशी नवीही नाही. १९०५ मध्ये बंगालची फाळणी अमलात आली त्या दिवशी, १६ ऑक्टोबरला, रवींद्रनाथ ठाकुरांच्या हाकेवरून कोलकात्यात हिंदू-मुसलमानांनी एकमेकांना राख्या बांधल्या. श्रावण नव्हता, पौर्णिमा नव्हती, बहुतेक ठिकाणी बहीणही नव्हती. तरी त्या राख्याच होत्या.

मग हा धागा कुठं चालत नाही? याचं उत्तर चक्क सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. जुलै २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं विनयभंगाच्या एका आरोपीला जामीन देताना अट घातली, की त्यानं मिठाई घेऊन तक्रारदार महिलेच्या घरी जावं, तिला राखी बांधायची विनंती करावी आणि ओवाळणी म्हणून अकरा हजार रुपये द्यावेत. अपर्णा भट आणि इतर काही महिला वकील याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १८ मार्च २०२१ रोजी न्या. अजय खानविलकर आणि न्या. रवींद्र भट यांनी ती अट रद्द केली. छळ करणाऱ्याला कोर्टाच्या हुकमानं भाऊ बनवणं मान्य नाही, त्यानं गुन्हाच सौम्य होतो, असं त्यांनी म्हटलं. ताट, मिठाई, ओवाळणी, रक्कम सगळं त्या अटीत होतं. बांधणारीची इच्छा तेवढी नव्हती.

शाळांमधले रक्षाबंधनाचे कार्यक्रम बघताना मला हा निकाल आठवतो. मुलींची एक रांग, मुलांची एक रांग, समोर येईल त्याला बांधा. मारामारी झालेल्या मुलालाही बांधायची आणि फोटोसाठी हसायचं. त्यापेक्षा राख्या मुलांच्याच हातात द्याव्यात आणि कुणाला बांधायची ते त्यांचं त्यांना ठरवू द्यावं. दोन मैत्रिणी एकमेकींना बांधतील, एखादा मुलगा मुलीला बांधेल, एखादी भाजी देणाऱ्या मावशींना बांधेल, आणि एखादी कुणालाच न बांधता राखी दप्तरात ठेवून घरी नेईल. हेमाद्रीच्या ग्रंथात यातल्या कशालाही मनाई नाही. तिथं फक्त दुपार कललेली हवी आणि गाठ घट्ट हवी.