अनियमित गुंतवणुकीचा वार्षिक परतावा

एका खातेदाराने १ जानेवारी २०२३ आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रत्येकी १ लाख रुपये म्युच्युअल फंडात गुंतवले. १ जानेवारी २०२५ रोजी त्यास २,३०,००० रुपये मिळाले. दोन लाखांवर दोन वर्षांत १५ टक्के, म्हणजे वर्षाला साडेसात टक्के, हा हिशेब फसवा आहे. कारण दुसरी रक्कम केवळ ४५८ दिवस गुंतलेली होती.

खरा दर थेट सूत्राने निघत नाही. तो अंदाज सुधारत शोधावा लागतो. पहिल्या लाखास ७३१ व दुसऱ्यास ४५८ दिवसांची चक्रवाढ दिल्यास ८ टक्क्यांनी एकूण २,२६,८०३ रुपये होतात, तर ९ टक्क्यांनी २,३०,२५८. म्हणजेच उत्तर नवाच्या किंचित खाली आहे. आणखी एकदोन प्रयत्नांत ते ८.९३ टक्के येते.

एक्सेल हीच पुनरावृत्ती क्षणात करते. A1:A3 मध्ये तारखा व B1:B3 मध्ये रकमा लिहाव्यात. गुंतवलेल्या रकमांना ऋण चिन्ह द्यावे.

```
=XIRR(B1:B3,A1:A3)
```

ऋण चिन्ह द्यायचे राहून गेल्यास उत्तराऐवजी #NUM! दिसते. मात्र काही महिन्यांच्याच गुंतवणुकीवर हा दर विसंबण्याजोगा नसतो. अल्पकाळातील नफा तो वर्षभराचा मानून फुगवतो.