गाडीतला बाण म्हणतो 'गिअर बदला', पण प्रत्येक वेळी ऐकायचं का? आणि तो हिरवा ईको लाईट नक्की करतो काय?

मॅन्युअल गाडी चालवताना स्पीडोमीटरशेजारी एक छोटा बाण दिसतो. कधी वर, कधी खाली, काही गाड्यांत सोबत गिअरचा आकडाही येतो. अनेकजण त्याच्याकडे दुर्लक्ष करतात आणि काहीजण तो दिसला की लगेच गिअर टाकतात. दोघांचंही थोडं चुकतं.

हा बाण म्हणजे गिअर शिफ्ट इंडिकेटर. युरोपियन युनियनने नोव्हेंबर 2012 पासून मॅन्युअल कारच्या नव्या मॉडेल्सना आणि नोव्हेंबर 2014 पासून सगळ्याच नव्या मॅन्युअल कारना तो सक्तीचा केला. कारण सरळ होतं, मॅन्युअल गाडीत इंधन वाचवायचं की जाळायचं हे बऱ्याच अंशी ड्रायव्हरच्या डाव्या हातात असतं.

आता हा बाण ठरतो कसा? बऱ्याच गाड्यांत गिअर लिव्हर कुठे आहे हे कॉम्प्युटरला थेट कळतच नाही. तो इंजिनचे आरपीएम आणि चाकांचा वेग यांचं गुणोत्तर काढतो आणि त्यावरून गिअर ओळखतो. म्हणूनच क्लच दाबला की बाण गायब होतो. मग तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर किती आहे ते बघून, याच वेगासाठी वरचा गिअर पुरेल का, याचा हिशोब होतो.

साधारण 1.2 लिटरच्या पेट्रोल हॅचबॅकचं उदाहरण घेऊ. सपाट रस्ता, वेग 50. चौथ्या गिअरमध्ये इंजिन साधारण 1,850 आरपीएमवर असतं, पाचव्यात तेच 1,450 च्या आसपास येतं. गाडीला लागणारी ताकद तेवढीच. मग पेट्रोल वाचतं कुठे? एक तर इंजिन कमी वेळा फिरतं, म्हणजे आतलं घर्षण कमी. दुसरं, तेवढीच ताकद कमी फेऱ्यांत काढायची म्हणून थ्रॉटलची झडप जास्त उघडते. अर्धवट बंद झडपेतून हवा ओढणं म्हणजे बारीक स्ट्रॉने घट्ट लस्सी ओढण्यासारखं. झडप उघडली की हा त्रास कमी होतो. इथे बाणाचं ऐकण्यात फायदाच आहे.

पण बाणाला पुढचा रस्ता दिसत नाही.

समजा तीच गाडी पुण्याहून जुन्या कात्रज घाटाने वर चढतेय. तिसरा गिअर, वेग 40, इंजिन 1,950 वर. मध्येच चढ थोडा सौम्य होतो, पाय जरा हलका होतो आणि बाण म्हणतो, चौथा टाका. तुम्ही टाकता, इंजिन 1,500 वर येतं. पुढच्याच वळणावर वेग 30 होतो आणि इंजिन 1,100 वर. आता ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढत नाही, धडधड जाणवते, कधी इंजिनातून टकटक ऐकू येते. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांना तर कमी आरपीएमवर जोरात दाबणं जास्तच महागात पडू शकतं. अशा वेळी ॲक्सिलरेटर अजून खोल दाबत बसू नये, सरळ खालचा गिअर टाकावा. ओव्हरटेक करतानाही हेच. समोरून ट्रक येतोय हे बाणाला माहीत नसतं.

आता ईको लाईटकडे येऊ. इथे खरा गोंधळ आहे, कारण एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला प्रकार नुसता दिवा. पाय हलका असेल तर हिरवा पेटतो, जोरात दाबला की विझतो. तो गाडीत काहीही बदलत नाही, तुम्ही कसं चालवताय तेवढंच दाखवतो. गाडीत ईकोचं बटण किंवा मोडचा पर्याय नसेल आणि दिवा आपोआप पेटत-विझत असेल, तर तो बहुतेक हाच.

दुसरा प्रकार म्हणजे बटण दाबून लागणारा ईको मोड. हा खरंच काहीतरी बदलतो. मुख्य बदल पेडलचा. तेवढाच पाय दाबला तरी थ्रॉटल कमी उघडतं, म्हणून गाडी सुस्त वाटते. काही गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसरही कमी चालतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या दुपारी गाडी जरा उशिरा गार होते. ऑटोमॅटिकमध्ये हा मोड वरचा गिअर लवकर टाकतो. मॅन्युअलमध्ये ते त्याच्या हातातच नाही, गिअर तुमचाच.

म्हणजे ईको मोडवर तिसऱ्या गिअरमध्ये 60 ने जाणारी गाडी पेट्रोल वाचवतेय असं समजू नका. मोड बंद ठेवून पाचव्यात चालणारी गाडी तिच्यापेक्षा कमी पिते.

स्वतः तपासायचं असेल तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर एका वेगाने जात असताना पाय अजिबात न हलवता ईको बटण दाबा. गाडी किंचित मंदावेल. पाय थोडा आणखी दाबलात की पुन्हा तोच वेग येईल, आणि तोच वेग टिकवायला इंजिनाला पेट्रोलही जवळपास आधीइतकंच लागेल. फरक पडतो तो सिग्नल सुटल्यावर, घाईने पेडल दाबायची सवय असेल तर.