कुत्र्याच्या चाव्यावर लसीबरोबर रक्तजल का?

ऑगस्ट १९५४ मध्ये इराणमधील एका गावात रात्री पिसाळलेला लांडगा शिरला व त्याने २९ जणांना चावे घेतले. त्यांपैकी १८ जणांच्या डोक्यास जखमा झाल्या होत्या. तेहरानच्या पाश्चर संस्थेच्या डॉक्टरांनी या १८ पैकी १३ जणांना लसीबरोबर अलर्करोधक रक्तजलही टोचले. ५ जणांना केवळ लस मिळाली. केवळ लस मिळालेल्या ५ जणांपैकी ३ दगावले. रक्तजल व लस ही दोन्ही मिळालेल्या १३ जणांपैकी मात्र एकच दगावला.

असे का घडले? लस टोचल्यावर शरीर स्वतः प्रतिद्रव्ये तयार करू लागते. परंतु त्यास एक ते दोन आठवडे लागतात. दरम्यान जखमेतील विषाणू मज्जातंतूंत शिरून मेंदूकडे निघालेले असतात. डोक्यावरील जखमेपासून ही वाट फारच थोडी असते. रक्तजलात, म्हणजेच इम्युनोग्लोब्युलिनमध्ये, ही प्रतिद्रव्ये आयतीच असतात. लस टोचलेल्या घोड्यांच्या किंवा माणसांच्या रक्तापासून ते बनवितात. ते जखमेतच विषाणूंना तत्काळ निष्प्रभ करते. मात्र त्याचा प्रभाव काही आठवड्यांत ओसरतो. तोपर्यंत लसीने निर्माण केलेली शक्ती उभी राहिलेली असते.

समजा, १५ किलो वजनाच्या मुलाच्या गालास कुत्रा चावून रक्त आले. प्रथम जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि मुलास विनाविलंब दवाखान्यात न्यावे. घोड्याच्या रक्तजलाचे प्रमाण दर किलोस ४० एकके, म्हणजे या मुलास ६०० एकके. मानवी रक्तजल असल्यास दर किलोस २०, म्हणजे ३०० एकके. ते डॉक्टर जखमेत व तिच्या कडांभोवती टोचतात. जखमा अनेक असल्यास औषध सलाइनमध्ये मिसळून वाढवितात, म्हणजे एकही जखम वगळली जात नाही. प्रमाणाहून अधिक रक्तजल मात्र देऊ नये. त्याने लसीचे कार्य मंदावते.

त्याच दिवशी लसीची पहिली सुई वेगळ्या सिरिंजने, अन्यत्र, दंडावर किंवा लहान मुलाच्या मांडीवर देतात. स्नायूंत द्यावयाची लस असल्यास पुढील सुया त्या दिवसापासून ३ऱ्या, ७व्या, १४व्या व २८व्या दिवशी असतात.

पहिल्या दिवशी रक्तजल न मिळाल्यास लस थांबवू नये. लसीच्या पहिल्या सुईपासून ७ दिवसांच्या आत रक्तजल देता येते. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिद्रव्ये दिसू लागल्याने ते देत नाहीत. पूर्वी लसीचा पूर्ण क्रम घेतलेल्यास रक्तजलाची आवश्यकता नसते.

चूक होते ती बहुधा दोन ठिकाणी. सर्व रक्तजल कमरेत टोचले जाते व जखम तशीच राहते. किंवा रक्तजल देण्यापूर्वीच जखमेस टाके घातले जातात व सुईसरशी विषाणू आत ढकलले जातात. म्हणून रक्त आलेल्या प्रत्येक चाव्याच्या वेळी रुग्णाच्या नातेवाइकांनी डॉक्टरांस एवढे अवश्य विचारावे : रक्तजल जखमेत दिले काय?