साठ दिवस आधी काढलेलं तिकीट आणि तीस दिवसांचा मेल

मागच्या भागात सांगितलेला किस्सा बऱ्याच जणांना स्वतःचाच वाटला, म्हणून आज तो नीट उलगडून सांगतो.

मित्र गणपतीला कोकणात निघाला होता. तिकीट ५२ दिवस आधी काढलेलं. चिपळूणच्या पुढे रेंज गेली, आणि डबा नंबर बघायला त्याने जीमेल उघडलं तर तिकिटाचा मेलच नाही! सर्च केलं, तरी शून्य. "अरे, मी डिलीट केला की काय?" म्हणत त्याने ट्रॅशही उपसला.

मेल कुठेच गेला नव्हता. तुमचा सगळा मेल सर्व्हरवर असतो. फोन त्यातला फक्त अलीकडचा भाग स्वतःकडे उतरवून ठेवतो, आणि अँड्रॉइडच्या जीमेल ॲपमध्ये हा भाग मुळात ३० दिवसांचा असतो. नेट चालू असताना हे कळतच नाही, कारण खाली स्क्रोल केलं किंवा सर्च केलं की ॲप जुना मेल सर्व्हरवरून गुपचूप आणून दाखवतं. नेट गेलं की मात्र फोनात जेवढं आहे तेवढंच. रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि मेल राहतो ३० दिवसांचा, मग घोळ होणारच ना!

बदलायचं कसं? जीमेलमध्ये डावीकडच्या तीन रेघा, मग Settings, मग तुमचा मेल आयडी. खाली Sync Gmail वर टिक आहे ना, ते आधी बघा. त्याच्याच आसपास Days of emails to sync दिसेल. तिथे ३० च्या जागी ९० टाका. दोन आयडी असतील तर हे दोन्हीकडे वेगवेगळं करावं लागतं, इथेच लोक फसतात. मग वायफायवर थोडा वेळ द्या, जुने मेल हळूहळू उतरतात.

झालं की नाही हे तपासायला फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा आणि दोन महिन्यांपूर्वीचा मेल शोधा. उघडला तर काम फत्ते. एक गोची मात्र आहे: मेलचा मजकूर आला म्हणजे जोडलेली पीडीएफ आलीच असं नाही. तिकिटाची पीडीएफ निघण्याआधी उघडून फोनात सेव्ह करून ठेवा.

थेट खूप मोठा आकडा टाकायचा मोह होईल, पण ६४ जीबीचा फोन आधीच रडत असेल तर नको. त्यापेक्षा तिकिटांच्या मेलला एक लेबल लावा आणि Manage labels मध्ये जाऊन तेवढ्याच लेबलचे सगळे मेल सिंक करा. मी स्वतः हेच करतो.

आयफोनवाल्यांनो, ऑफिसचा एक्स्चेंज मेल ॲपलच्या मेल ॲपमध्ये असेल तर त्या अकाउंटच्या सेटिंगमध्ये Mail Days to Sync शोधा. तिथे No Limit सुद्धा मिळतं.

मित्राचं काय झालं? रत्नागिरीला रेंज आली आणि मेल आपोआप दिसला. तोपर्यंत तो दुसऱ्याच्याच सीटवर बसून आला होता.