शेवटचा शब्द म्हणजे आडनाव नव्हे

संस्थेची स्मरणिका छापायला जायची वेळ आली की सगळ्यात शेवटी हातात येते ती नावांची यादी. देणगीदार, आजीव सभासद, माजी विद्यार्थी, कोणाची तरी असतेच. नावे ‘इरावती कर्वे’, ‘शांता शेळके’ अशी, म्हणजे आधी नाव आणि मग आडनाव या क्रमाने आलेली असतात. छापताना ती तशीच हवी असतात, कारण निमंत्रणावर, फलकावर, बोलण्यात आपण तशीच नावे घेतो. पण शोधणारा आडनाव शोधतो. इरावतीबाई ‘इ’मध्ये असतील असे कोणाच्या मनात येत नाही. म्हणून काम ठरते ते असे : नाव छापायचे नेहमीसारखे, क्रम लावायचा आडनावाचा.

मराठी विश्वकोशाने यावर कोशांचा जुना मार्ग घेतला. तिथे नोंद ‘खांडेकर, विष्णु सखाराम’ अशी उलटी येते आणि मधला स्वल्पविराम सांगतो की नाव फिरवले आहे. संदर्भग्रंथात हे शोभते. देणगीदारांच्या यादीत मात्र ते हजेरीपटासारखे वाटते आणि मंडळी नाराज होतात. अशा वेळी नावाला हात न लावता शेजारी एक जादा रकाना करावा. त्यात फक्त क्रम लावण्यापुरते आडनाव असते. यादी त्या रकान्यावर लावायची आणि छपाईला पाठवताना तो रकाना काढून टाकायचा.

हा रकाना एक्सेलमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये सूत्राने भरता येतो. नाव A2 या घरात असेल, तर शेजारच्या घरात हे लिहायचे :

```
=TRIM(RIGHT(SUBSTITUTE(TRIM(A2)," ",REPT(" ",60)),60))
```

युक्ती साधी आहे. नावातल्या प्रत्येक मोकळ्या जागेच्या ठिकाणी साठ मोकळ्या जागा घालायच्या, उजवीकडची साठ अक्षरे उचलायची आणि उरलेल्या मोकळ्या जागा झटकून टाकायच्या. हाती राहतो तो शेवटचा शब्द. नाव दोन शब्दांचे असो वा पाच शब्दांचे, सूत्राला फरक पडत नाही. वर्डमध्ये ‘दुसऱ्या शब्दावर क्रम लाव’ असे सांगता येते, पण तिथे शब्द डावीकडून मोजले जातात. त्यामुळे ‘दुर्गा भागवत’ बरोबर लागते आणि ‘विष्णु सखाराम खांडेकर’ सखारामपंतांच्या नावावर जाते.

आता एक छोटी यादी प्रत्यक्ष लावून पाहू. समजा, एका ग्रंथालयाला आपल्या दालनातल्या तसबिरींची सूची छापायची आहे आणि नावे अशी आली आहेत : व्यंकटेश माडगूळकर, साने गुरुजी, डॉ. भीमराव रामजी आंबेडकर, इरावती कर्वे, ए. पी. जे. अब्दुल कलाम, शांता शेळके, वि. वा. शिरवाडकर (कुसुमाग्रज), नरहर कुरुंदकर, ग. दि. माडगूळकर, दुर्गा भागवत.

सूत्र चालवले की रकाना क्षणात भरतो आणि दहापैकी सात नावे नीट लागतात. बाबासाहेबांच्या नावामागचे ‘डॉ.’ आड येत नाही, कारण आपण शेवटचा शब्द घेतला आहे. पण तीन ठिकाणी घोटाळा होतो. साने गुरुजींचे आडनाव सूत्राच्या लेखी ‘गुरुजी’ ठरते आणि ते कुरुंदकरांच्या खाली येऊन बसतात. शिरवाडकरांच्या रकान्यात कंसासकट ‘(कुसुमाग्रज)’ येते आणि कंसामुळे ते बहुधा यादीच्या अगदी वर जातात. तिसरे नाव कलामांचे. ते ‘क’मध्ये दिसते, म्हणून चुकलेय असे वाटतही नाही.

कलाम हे आडनाव नाही. ‘अब्दुल कलाम’ हे दोन शब्दांचे मिळून त्यांचे स्वतःचे नाव आहे. आधीच्या आद्याक्षरांपैकी ‘जे.’ म्हणजे जैनुलाबदीन, त्यांचे वडील. तमिळनाडूत अनेकांच्या नावात आडनाव नसतेच. एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या नावातला ‘एम.’ मदुराईचा आणि ‘एस.’ आई षण्मुखवडिवूंचा. तेव्हा क्रमाच्या रकान्यात कलामांसाठी ‘अब्दुल कलाम’, साने गुरुजींसाठी ‘साने’ आणि कुसुमाग्रजांसाठी ‘शिरवाडकर’ असे हाताने लिहायचे. छापायच्या नावात एक अक्षरही बदलायचे नाही. दोन्ही माडगूळकरांचे आडनाव एकच असल्यामुळे त्यांच्यासाठी दुसरी पायरी नावाची ठेवायची, म्हणजे ‘ग. दि.’ आधी आणि ‘व्यंकटेश’ नंतर. यादी मग अशी लागते :

ए. पी. जे. अब्दुल कलाम
डॉ. भीमराव रामजी आंबेडकर
इरावती कर्वे
नरहर कुरुंदकर
दुर्गा भागवत
ग. दि. माडगूळकर
व्यंकटेश माडगूळकर
वि. वा. शिरवाडकर (कुसुमाग्रज)
शांता शेळके
साने गुरुजी

तरीही कोणीतरी कलामांना ‘क’मध्ये शोधणारच. त्यांच्यासाठी ‘क’मध्ये ‘कलाम – पाहा : अब्दुल कलाम’ अशी एक ओळ घालावी. कुसुमाग्रजांसाठीही तशीच घालावी. वाद घालण्यापेक्षा एक ओळ स्वस्त पडते.

शेकडो नावांच्या यादीत अशी नावे हुडकायची कशी? रकाना भरल्यावर फक्त त्या रकान्यावरून नजर फिरवायची. सगळी यादी वाचू नये, तिथे डोळा फसतो. नुसत्या आडनावांच्या उभ्या ओळीत ‘महाराज’, ‘गुरुजी’, ‘शास्त्री’ हे शब्द चटकन टोचतात. यांतले ‘शास्त्री’ कधी पदवी असते आणि कधी खरेच आडनाव, म्हणून तिथे थांबून विचारावे. ‘वसंत’, ‘दत्तात्रय’, ‘रमेश’ अशी नावे या ओळीत दिसू लागली, तर दुखणे वेगळे आहे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आणि बऱ्याच अर्जांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते. काही मंडळी अर्जावरचे नाव तसेच उतरवून पाठवतात. त्यांच्या नावातला शेवटचा शब्द वडिलांचा निघतो. ही नावे आधी वेगळी काढून सरळ करून घ्यावीत. दोन आडनावे लावणाऱ्या बायकांच्या बाबतीत मध्ये जोडरेघ असेल, तर सूत्र दोन्ही आडनावे मिळून एक शब्द धरते आणि पहिल्यावर क्रम लावते. जोडरेघ नसेल तर दुसऱ्यावर लावते. कोणते हवे हे यादी करणाऱ्याने ठरवू नये. ज्यांचे नाव त्यांनाच विचारावे.

रकाना नीट झाला की क्रम लावायचा. इथला अपघात नेहमीचा आहे. फक्त आडनावांचा रकाना निवडून क्रम लावला, तर आडनावे हलतात आणि नावे व रकमा जागच्या जागी राहतात. एकाची देणगी दुसऱ्याच्या नावावर जाते. एक्सेल अशा वेळी ‘Expand the selection’ असा पर्याय पुढे करते, तोच घ्यायचा. त्याआधी १, २, ३ असा मूळ अनुक्रमांकाचा रकाना घालून ठेवावा. काही बिघडले तर त्यावर क्रम लावून यादी होती तशी परत मिळते.

यानंतर प्रश्न येतो अक्षरांचा. आपली वर्णमाला ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ अशी संपते. संगणकाच्या युनिकोड तक्त्यात मात्र ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मधली जागा आहे. ‘क्ष’ला स्वतंत्र जागाच नाही, ते ‘क’, हलन्त आणि ‘ष’ असे साठवले जाते. म्हणून निव्वळ तक्त्याच्या क्रमाने लावले, तर काळे कावऱ्यांच्या आधी येतात, वर्णमालेने पाहिले तर नंतर. क्षीरसागर ‘क’च्या शेवटी येतात, यादीच्या शेवटी नाही. अनुस्वाराचेही तसेच. तक्त्यात तो सगळ्या अक्षरांच्या आधी आहे, म्हणून दांडेकर, दाते, दामले असा क्रम लागतो. बाराखडीत ‘कं’ शेवटी येतो, त्या हिशेबाने दाते, दामले, दांडेकर असे व्हायला हवे. प्रत्येक सॉफ्टवेअर तक्त्याप्रमाणेच चालते असेही नाही, संगणकावर कोणती भाषा निवडली आहे त्यावरही क्रम ठरतो. म्हणून काटे, काळे, कावरे, कांबळे आणि क्षीरसागर ही पाच आडनावे कोऱ्या पानावर लिहून आपल्या यंत्रावर एकदा क्रम लावून पाहावा. तुमचे यंत्र कोणत्या रीतीने चालते ते लगेच कळते. दोन्ही रीती चालतात, फक्त सबंध यादीत एकच हवी.

कधी एकच आडनाव दोन ठिकाणी फुटलेले दिसते. तीन कुऱ्हाडे एकत्र आणि चौथे दूर, असे झाले तर तो दोष टंकलेखनाचा असतो. ‘ऱ्ह’ दोन प्रकारे उमटवता येतो. एकात ‘ऱ’ हे वेगळे अक्षर वापरतात, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एक आडनाव बरोबर टंकून तेच बाकीच्या ठिकाणी चिकटवले की कुटुंब एकत्र येते.

आणि शिंदे, चिटणीस, दिघे, किर्लोस्कर हे सगळे एकाच गटात येऊन बसले, तर यादी युनिकोडमध्ये नाही, जुन्या छपाईच्या फॉन्टमध्ये आहे असे समजावे. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकावी लागते, त्यामुळे यंत्राच्या दृष्टीने या सगळ्यांचे पहिले अक्षर वेलांटीच असते. तिथे आडनावांचा रकाना कितीही नेटका केला तरी उपयोग नाही. यादी आधी युनिकोडमध्ये आणावी, क्रम लावून घ्यावा आणि छापखान्याला जुनाच फॉन्ट हवा असेल तर त्यानंतर बदलून द्यावी. मजकूर लावणाऱ्याला क्रमाला हात लावू नका असे बजावून सांगावे, कारण त्याच्याकडे आपला तो जादा रकाना नसतो.

मुद्रित हाती आले की पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसण्यापेक्षा उलटी तपासणी करावी. यादी न केलेल्या एखाद्याच्या हातात पाने द्यावीत आणि क्षीरसागर, कांबळे, कुऱ्हाडे, जोडआडनावाच्या एखाद्या बाई आणि आडनाव न लावणारे एखादे गृहस्थ शोधून काढायला सांगावे. त्याला जे नाव पहिल्या जागी सापडले नाही, तिथे ‘पाहा’ची एक ओळ घालावी. यादीच्या डोक्यावर ‘नावे आडनावांच्या क्रमाने दिली आहेत, अनुस्वारयुक्त अक्षर आधी धरले आहे’ एवढी टीप छापली की पान उघडणाऱ्याला कोणाला विचारायला जावे लागत नाही.