थंड खोलीत बर्फ, तरी दूध कोमट

पावसाळ्यातली सकाळ. हॉटेलच्या वॉक-इन फ्रिजचा काटा ४ ऐवजी ११ अंशांवर. कॉम्प्रेसर चालू आहे, म्हणून आचारी म्हणतो, 'गॅस संपला असेल.' मी आधी आतला पंखा पाहतो. पंखा फिरतोय, पण वारा येत नाही. मागच्या कॉइलवर बर्फाचा जाड थर आहे आणि हवेला वाटच उरलेली नाही. दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलंय. दमट हवा तिथून आत शिरते आणि कॉइलवर गोठते. बर्फ सुरीनं खरवडू नये, कारण नळी फुटली तर खरोखरच गॅस जातो. कॉम्प्रेसर बंद करून पंखा चालू ठेवावा, सगळा बर्फ वितळू द्यावा आणि रबर बदलावं. रबर धड असूनही बर्फ परत साचला, तर डीफ्रॉस्टचा हीटर किंवा टायमर मेकॅनिककडून तपासून घ्यावा.

आता माल. खोलीचा काटा हवेचं तापमान सांगतो, म्हणून थर्मामीटर थेट पदार्थात खुपसावा. पनीर ९ अंशांवर निघालं. शेवटची नोंद रात्री ११ची, म्हणजे ते किती तास ५ अंशांच्या वर होतं हे कुणालाच ठाऊक नाही. पनीर, चिकन, शिजवलेला भात, ग्रेव्ही, दूध सगळं टाकायचं. चव घेऊन ठरवू नये, आणि पुन्हा उकळल्यानंही काही जिवाणूंची विषं नष्ट होत नाहीत. लोणी, लोणची, अख्ख्या भाज्या मात्र राहू द्याव्यात.